अष्टमीची आरती आणि चारचा सामना

फुटबॉल खेळणाऱ्या माणसानं सामन्याआधी साबुदाण्याची खिचडी खाऊ नये. निदान मी खाल्ली तशी तरी खाऊ नये. दोन ताटल्या, वर साजूक तूप, सोबत दह्याची वाटी, आणि सामना दीड तासावर आलेला. त्या दिवशी मला कुणी विचारलं असतं तर मी छातीठोकपणे सांगितलं असतं की आज मी अगदी हलकं खाल्लंय. उपवासाचं होतं ना!

मी तेव्हा कुरुळीत खोली घेऊन राहत होते. गाव लातूरकडचं, काम चाकणच्या एका कंपनीत वायरिंगच्या लाइनवर, आणि करार ट्रेनीचा. दिवाळीनंतर करार संपणार होता. घरी वडलांचं म्हणणं होतं की करार संपला की बॅग भर आणि ये, एक स्थळ बघून ठेवलंय. मला बॅग भरायची नव्हती. शाळेपासून मी फुटबॉल खेळत आले होते आणि पिंपरीतल्या एका क्लबच्या मुलींच्या संघात सरावाला जात होते. आमच्या सरांनी सांगून ठेवलं होतं की मुख्य संघात ज्या मुली येतील त्यांच्यातल्या दोघींना रावेतच्या एका शाळेत मुलींना खेळ शिकवायचं काम मिळेल. शाळेनं त्यांच्याकडं तशी मागणी केली होती. निवडीसाठी दोन सामने होते, दोन लागोपाठच्या रविवारी, दुपारी चारला. पहिला घटस्थापनेच्या दिवशी आला आणि दुसरा अष्टमीला.

नवरात्राचे नऊही दिवस उपवास मी दहावीपासून धरत आले आहे. आई धरते म्हणून मी धरला, आणि एकदा धरला तो धरला. मी हट्टी आहे असं सगळे म्हणतात. मला ते पटत नाही, पण म्हणणारे कमी होत नाहीत.

आमच्या घरमालकीण काकू कुरुळीतल्या जुन्या शेतकरी घरातल्या. जमीन बरीचशी कंपन्यांकडं गेली, उरलेल्या तुकड्यावर खोल्या बांधल्या, आणि त्या खोल्यांत आमच्यासारख्या पोरी. नवरात्रात त्यांच्याकडं घट बसे, आणि उपवास धरणाऱ्या भाडेकरणींचा फराळ त्या स्वतःच्या चुलीवर करत. त्याचे पैसे विचारायची कुणाची टाप नव्हती. "घट माझ्या घरात आन् पोरी उपाशी? देवी मलाच इचारंल," असं म्हणायच्या. कामाच्या दिवशी सकाळी लवकर दूध-साखरेचा नैवेद्य होई आणि आम्हाला डबे मिळत. पण पहिली माळ आणि अष्टमी हे त्या घराचे मोठे दिवस. पुरा स्वयंपाक, देवीला ताट, आरती, आणि मगच कुणाच्या तोंडात घास. चहा चाले, बाकी काही नाही.

घटस्थापनेला परडीतली माती, धान्य, पत्रावळ, नारळ असं करता करता अडीच वाजले. मी आदल्या रात्रीपासून रिकामी होते. काकूंनी खिचडीचं पातेलं पुढं ओढलं आणि मी ताव मारला. ती खिचडी म्हणजे खरोखर देखणी असे, दाणा दाण्याला न चिकटलेला, कुटानं माखलेला. मग धावतपळत बस पकडून मैदानावर.

पहिली वीस मिनिटं कशीबशी निघाली. मी डाव्या बाजूनं खेळते, म्हणजे सतत वर-खाली पळायचं. बरगडीखाली चमक भरली, पाय जड झाले, पोटात पाण्याची कळशी डुचमळावी तसं व्हायला लागलं. हाफटाइमनंतर जरा वेळानं मी रेषेबाहेर जाऊन वाकले, आणि काकूंची सगळी मेहनत गवतावर गेली. सरांनी मला बाहेर काढलं.

"काय खाल्लं होतंस?"

"काही नाही सर, उपवास आहे."

"काही नाही ते मला तिकडं दिसतंय."

मग सांगावंच लागलं. सर ओरडणारे नाहीत. ते बाकावर शेजारी बसले आणि म्हणाले की साबुदाण्याशी त्यांचं भांडण नाही, पण त्यातला कूट आणि तूप पोटात तास न् तास मुक्काम करतात. पळायला लागलं की रक्त पायांकडं धावतं आणि पोटातलं होतं तिथंच राहतं. तेलकट, तिखट, दाणे-कडधान्यं, कच्च्या काकडी-कोबीचे ढीग, यातलं काही सामन्याआधी नको. पोटभर जेवण तीन-चार तास आधी, साधं, भातासारखं. मग तासभर आधी एखादं केळं. पाणी घोट घोट, एकदम तांब्याभर नाही. आणि उपाशीही यायचं नाही, कारण मग दुसऱ्या हाफला पायात काही उरत नाही.

"पुढच्या रविवारी दोन घास वरण-भात खाऊन ये," ते म्हणाले. "नाहीतर बाहेर बस. मी तुला असं पळवणार नाही."

मला राग आला. सरांचा आला, खिचडीचा आला, ओकताना बघणाऱ्या मुलींचा तर फारच आला. मी म्हणाले, "सर, उपवास मोडणार नाही. भात चालत नाही, पण बाकी पुष्कळ चालतं."

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, मग बस घरी. सरांनी खिशातून शेंगदाण्याची पुडी काढली होती ती माझ्याकडं बघून परत ठेवली आणि म्हणाले, "बरं, काय काय चालतं ते सांग." तो प्रश्न त्यांनी विचारला नसता तर मी आज काय करत असते कोण जाणे. मी सांगत गेले आणि ते हो-नाही करत गेले. भगर हो. उकडलेला बटाटा हो. राजगिऱ्याचे लाडू नको. तळलेले काप अजिबात नको. दही थोडं, पोटाला सवय असेल तर. केळी, खजूर हो. लिंबू-साखर-मिठाचं पाणी हो. "पण सगळं आधी सरावाच्या दिवशी खाऊन बघ," ते म्हणाले. "सामन्याच्या दिवशी पोटावर प्रयोग करायचा नसतो."

घरी येऊन मी काकूंना सगळं सांगितलं, अगदी गवतावरच्या भागासकट. हे सांगायला नको होतं. त्यांची खिचडी आसपासच्या गल्ल्यांत नावाजलेली.

"जड? माझी खिचडी जड व्हय?" त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "लाव फोन त्या मास्तरला."

मी फोन लावून स्पीकरवर ठेवला आणि जरा लांब जाऊन उभी राहिले.

"अवो मास्तर, आमी खिचडी खाऊन दिसभर खुरपायला जायचो. कुनाला काय झालं न्हाई."

"काकू, खुरपताना पळत नव्हता ना?"

"पळत न्हवतो. पर बैल सुटला की पळायचो की!"

सर मोठ्यानं हसले. मग त्यांनी काकूंना शांतपणे सांगितलं की खिचडी उत्तमच असणार, सामना झाल्यावर पोरीला पोटभर घाला, मलाही बोलवा. फक्त आधी नको. काकूंनी हं-हं केलं, फोन माझ्या हातात दिला आणि दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. डबा मात्र चुकला नाही.

बुधवारी मी रताळ्यांवर प्रयोग केला. कंपनीतली पहिली पाळी सुटल्यावर चार मोठी रताळी सालीसकट खाल्ली, आणि संध्याकाळच्या सरावाला पोटात जी गुडगुड सुरू झाली ती शेजारून पळणारीलाही ऐकू जात होती. साल आणि चोथा, सर म्हणाले, तोही वेळ खातो. शुक्रवारी मऊ भगर, मीठ-जिरं घातलेले उकडलेले बटाटे, दोन चमचे दही, आणि सरावाला निघताना एक केळं. त्या दिवशी पोट आहे हे मला आठवलंसुद्धा नाही. खेळताना पोटाची आठवण न येणं यापेक्षा मोठं सुख नाही.

म्हणजे काय खायचं ते ठरलं. प्रश्न होता कधी खायचं. अष्टमीला देवीचं ताट एकच्या आधी होत नसे, कधी दीडही वाजे. राजगुरुनगरहून काकूंच्या मोठ्या नणंदबाई येत. देवीची ओटी त्यांच्या हातची, आरतीला त्या हव्याच. सासू गेल्यापासून त्या घरात त्यांचाच शब्द. आणि कुरुळीहून पिंपरीला जायचं तर मोशीच्या रस्त्यावर किती वेळ जाईल हे देवीलाही सांगता येत नाही. दीडला खाऊन दोनला निघायचं आणि चारला पळायचं म्हणजे जवळजवळ मागचाच रविवार.

माझी खोलीतली जोडीदारीण म्हणाली, "सकाळी हायवेवर जाऊन इडली खा की गपचूप. देवी काय कॅमेरा लावून बसलीय?"

"देवी नसेल. काकू बसल्यात," मी म्हणाले. पण खरं कारण ते नव्हतं. ज्या बाईनं मला फुकट नऊ दिवस खाऊ घालायचं ठरवलं तिच्या दारातून चोरून जेवायला जायचं, हे मला जमलं नसतं. मी ठरवलं की आरतीआधी निघायचं, वाटेत केळी खायची आणि जेवढं पळता येईल तेवढं पळायचं. सरांना दिसलंच असतं. मग बॅग, बस आणि लातूर.

अष्टमीला सकाळी मी अंघोळ करून खाली गेले तर काकूंच्या स्वयंपाकघरात सगळं उरकत आलेलं. वरण, भात, पुरण, भाज्या, कडाकण्यांची चळत. काकूंचे यजमान, काका, ओल्या केसांनी देवासमोर बसले होते आणि त्यांच्या तोंडावर अशी कळा होती की त्यांना झोपेतून उचलून आणलंय. बाजूच्या छोट्या पातेल्यात भगर शिजत होती आणि बटाटे सोलून ठेवलेले.

"काकू, हे काय?"

"अकराला आरती," त्या म्हणाल्या. "अकरा-साडेअकराला खायचं आन् बाराला भायेर पडायचं. मास्तर चार तास म्हनला व्हता न्हवं?"

दोन दिवस माझ्याशी न बोलणारी बाई मनात घड्याळाचे काटे मोजत बसली होती.

"आणि नणंदबाई?"

"सांगितलंय त्यास्नी रातीच. पोरीचा निवडीचा सामना हाय, लवकर निगा म्हनलं."

अकरा वाजले. नणंदबाईंचा पत्ता नाही. काकांनी फोन लावला. त्या चाकणच्या चौकात अडकल्या होत्या, पुढं कंटेनर आडवा झाला होता, मागं गाड्यांची रांग, पुढं हलायचं नाव नाही. काकांनी काकूंकडं बघितलं. "थांबाया लागतंय," ते म्हणाले. "अक्का आल्याबिगर आरती कशी करायची? आजवर कवा झालं न्हाई."

मी पुढं झाले. "काकू, थांबा तुम्ही. मी जाते, वाटेत केळी खाते. खरंच."

"तू गप बस," काकू म्हणाल्या.

अर्धा तास गेला. परत फोन झाला. चौकातच होत्या. काकू देवीसमोर उभ्या राहिल्या. हात जोडले नव्हते, नुसत्या बघत होत्या, घरातल्या मोठ्या माणसाशी काही ठरवावं तसं. मग त्यांनी ताम्हन उचललं.

"लावा निरांजन," त्या काकांना म्हणाल्या. "देवी आईच हाय. लेकरू खेळाया चाललंय तर ती म्हनंल व्हय, आदी तुजी नणंद येऊ दे? अक्कांची माफी मी मागीन. पोट थांबत न्हाई."

आरती झाली. मी टाळ्या वाजवल्या. काकूंनी देवीला ताट दाखवलं आणि वळून लगेच माझ्यापुढं भगर, बटाटे आणि दोन चमचे दही ठेवलं. दही त्यांनी खरंच चमच्यानं मोजून घातलं. तूप नव्हतं. काकूंच्या हातून तूप न घालता काही वाढलं गेलेलं मी पहिल्यांदाच बघत होते, आणि त्यांना ते किती जड जात होतं हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पिशवीत दोन केळी, चार खजूर आणि लिंबाच्या पाण्याची बाटली. "तासभर आदी एकच केळं," त्यांनी मलाच बजावलं. "दुसरं हाफटाइमला, अर्धं."

मी पायातले बूट बांधत होते तेव्हा दारात रिक्षा थांबली. नणंदबाई उतरल्या, हातात ओटीचं सामान. आत गेल्या आणि विझलेलं निरांजन बघून तिथंच थबकल्या. त्या काय म्हणाल्या ते मी पुरतं ऐकलं नाही, कारण काकूंनी मला खांद्याला धरून बाहेर ढकललं. "बस चुकंल," एवढंच म्हणाल्या.

सामन्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मी गोल केला नाही. पण शेवटच्या दहा मिनिटांत, जेव्हा दोन्हीकडच्या मुली कमरेवर हात ठेवून चालायला लागल्या होत्या, तेव्हा मी पळत होते. समोरच्या संघाची मुलगी चेंडू घेऊन एकटी निघाली होती आणि मी अर्ध्या मैदानातून मागं पळत येऊन तो तिच्या पायातून काढला. मला स्वतःचंच नवल वाटलं. सर रेषेजवळ उभे होते, त्यांनी टाळी-बिळी काही वाजवली नाही, नुसती मान हलवली. सामना संपल्यावर नावं वाचली, त्यात माझं होतं. रावेतच्या शाळेसाठीही माझं होतं. मी सरांच्या पाया पडले, आणि सर म्हणाले, "माझ्या कसल्या पडतेस? घरी जाऊन त्या काकूंच्या पड."

कुरुळीत पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. घरात अगदी शांत. काका ओट्यावर बसले होते. आत काकू भिंतीला टेकून, डोळे मिटून.

"नणंदबाई कुठायत?"

"गेल्या," काका म्हणाले. "ताटाला हात न लावता गेल्या. देवीची ओटी भरली आन् तशाच परत."

आता त्या घरचा एक नेम असा की घरी आलेलं माणूस उपाशी गेलं तर घरच्या बाईनं त्या वेळी जेवायचं नाही. हे मला माहीत होतं. त्या नेमाचा हिशोब मात्र मला तिथं उभ्या उभ्या लागला. काकूंचा उपवास एकवेळचा. म्हणजे काल दुपारपासून त्यांच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. मला ठरल्या वेळी, ठरलेलं, मोजून वाढून ही बाई दिवसभर उपाशी बसली होती.

"काकू, तुम्ही काही खाल्लं नाही?"

त्यांनी डोळे उघडले. "मला कुटं पळायचं व्हतं?"

मी रडले. सामन्यात ओकले तेव्हा रडले नव्हते, नाव वाचलं तेव्हाही नाही. काकूंना वाटलं मी हरले. त्या उठून माझ्याजवळ आल्या आणि पदरानं माझं तोंड पुसायला लागल्या. "आसूं दे, आसूं दे. पुढच्या वक्ताला घेतील." मी मान हलवत राहिले आणि मला नीट सांगताच येईना की घेतलंय, घेतलंय.

मग मी काकांचा फोन उचलला आणि सरळ नणंदबाईंना लावला. काका नको नको म्हणत होते. मी म्हणाले, "मी त्या भाडेकरू पोरींपैकी एक. माझ्यासाठी आरती लवकर झाली. रागवायचं तर माझ्यावर रागवा. काकू कालपासून उपाशी आहेत."

"निवडली का तुला?" त्यांनी विचारलं.

"हो."

"तिला फोन दे," त्या म्हणाल्या.

काकूंनी फोन कानाला लावला. पलीकडचं मला ऐकू आलं नाही. काकू "व्हय अक्का, व्हय," एवढंच म्हणत होत्या आणि त्यांचे डोळे भरून येत होते. फोन ठेवून त्या माझ्याकडं वळल्या. "अक्का तिकडं ताटावर बसल्यात. म्हनल्या, मी घास घेते, तू पन घे."

मी त्यांना उठू दिलं नाही. भगर गरम केली, ताट केलं, त्यांच्यापुढं ठेवलं आणि भरपूर तूप घातलं. त्यांनी पहिला घास घेतला तेव्हा मी खाली वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि उजव्या हातानं खात राहिल्या. त्यांना फार भूक लागली होती.